चार फूट सहा इंच

अण्णांची बुद्धी ओसरू लागली आहे हे मला एका कपाटामुळे कळलं. तोवर मी ते कळून घेत नव्हते, असं म्हटलं तर जास्त खरं होईल. सकाळची संध्या आटोपून उठलेले अण्णा तासाभरानं पुन्हा पळी-पंचपात्र घेऊन बसायचे. मी म्हणायची, "अण्णा, संध्या झाली ना तुमची?" ते म्हणायचे, "झाली? बरं." आणि हसायचे. मीही हसायची. वय झालं, एवढंच मी मनाला सांगितलं होतं.

अण्णा जालन्याच्या सरकारी शाळेत हिसाब शिकवायचे. निजामाचा अंमल, शाळा उर्दूतून, त्यामुळे त्यांचं गणितही उर्दूत चालायचं. घरी मात्र पाढे मराठीत. मी सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हा माझ्याशी काय बोलावं ते घरात कुणालाच सुचत नव्हतं. अण्णांनी तिसऱ्या दिवशी पाटी आणून माझ्यापुढे ठेवली. "अपूर्णांकापर्यंत आली होतीस," ते म्हणाले, "तिथून पुढे चालू." आई गेल्यावरही ते थांबले नाहीत. त्या पाटीवर मी त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ सगळं शिकले आणि पुढे मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला लागले. मला उभं केलं ते त्यांनी, आणि उभं केलं ते गणितानं.

त्यांचा एक राग सगळ्या गावाला माहीत होता. 'चार फूट सहा इंच' हे पोरानं 'चार दशांश सहा फूट' असं मांडलं की अण्णा खडू खाली ठेवायचे. "बारा इंचांचा फूट असतो का दहाचा?" असं विचारायचे आणि पोरगा बाराचा म्हणाला की, "मग सहा इंच म्हणजे किती फूट?" "अर्धा." "मग चार दशांश किती?" पोरगा 'पाच' म्हणेपर्यंत त्याची सुटका नसायची. जालन्यातले कितीतरी व्यापारी आणि वकील ही शिक्षा भोगून मोठे झाले होते.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी वाचनालयाचं काम अंगावर घेतलं. बाजारपेठेच्या मागे दोन खोल्या होत्या. पुस्तकं लोकांनी दिलेली, बरीचशी पोत्यांत पडलेली, आणि पोत्यांना वाळवी लागायला लागली होती. आतल्या खोलीत एक जुनं दार होतं, पलीकडून बुजवून टाकलेलं. भिंत दोन फूट जाडीची, त्यामुळे दाराच्या जागी छान खोलगट जागा तयार झाली होती. तिथे बरोबर बसेल असं सागवानी कपाट करायचं ठरलं. अण्णांनी स्वतः जाऊन माप घेतलं. जागा रुंदीला चार फूट सात इंच, उंचीला सहा फूट दहा इंच. कपाट रुंदीला आणि उंचीला एकेक इंच कमी ठेवायचं, म्हणजे चार फूट सहा आणि सहा फूट नऊ. कपाटाची खोली एक फूट तीन इंच.

सुतार अंबडचा. जालन्यात सुतार नव्हते असं नाही, पण अण्णांना तोच हवा असायचा. शाळेचे फळे, बाकं, टेबलं त्यानंच केलेली. तरुणपणी तो दूर समुद्रकाठच्या एका गावी परदेशी मिशनऱ्यांच्या कारखान्यात काम शिकला होता. तिथे तापानं त्याचे दोन्ही कान गेले. परत आला तो बहिरा होऊन, आणि बरोबर एक घडीची लाकडी पट्टी घेऊन. त्या पट्टीवर इंच नव्हतेच, नुसते मिलिमीटर. आपल्याकडचे सुतार फूट-इंच-सूत बोलायचे, आठ सुतांचा इंच. हा म्हणायचा, "सूत लई जाड असतंय. दोन सुतांच्या मधी माझे तीन घर बसतात." त्या पट्टीखेरीज दुसरं माप तो हातात धरत नसे. त्याला सांगून ऐकू येत नाही, आणि फूट-इंच लिहून चालत नाही. म्हणून अण्णा त्याला नेहमी चिठ्ठी लिहायचे: डाव्या बाजूला आपलं माप, उजव्या बाजूला मिलिमीटर. एक इंच म्हणजे पंचवीस दशांश चार मिलिमीटर, हे कोष्टक अण्णांना तोंडपाठ होतं. वीस वर्षं अशा चिठ्ठ्या जात होत्या आणि वीस वर्षं त्या मापाच्या वस्तू येत होत्या.

कपाटाची चिठ्ठी त्यांनी दुपारी ओसरीवर बसून लिहिली. मी आत निवडण करत होते. कचेरीच्या कामाला अंबडला निघालेल्या एका ओळखीच्या वकिलाबरोबर ती गेली. मी ती पाहिली नाही. पाहायचं कारणच नव्हतं.

महिन्याभरानं कपाट बैलगाडीतून आलं. गवतात गुंडाळून, दोरांनी आवळून. सुतार स्वतः गाडीबरोबर पायी चालत आला होता, धक्का बसू नये म्हणून. वाचनालयात पाचसहा मंडळी जमली होती. मीही गेले होते, पोत्यांतली पुस्तकं झटकायला. गवत काढलं आणि सगळे पुढे सरकले, इतकं ते देखणं होतं. दारांवर हात फिरवला तर सांधा कुठे आहे ते बोटाला लागत नव्हतं.

चौघांनी ते उचलून त्या जागेसमोर नेलं. डावी कड आत गेली. उजवी गेली नाही. थोडं तिरपं करून पाहिलं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की वरही अडतंय.

"भिंत फुगली असेल," एक जण म्हणाला.

अण्णांनी कनवटीची फूटपट्टी काढून जागा मोजली. चार फूट सात इंच, जशीच्या तशी. मग ते सुताराकडे वळले. त्याला ऐकू येत नाही हे ते विसरले की रागानं त्यांना भान राहिलं नाही, कोण जाणे. "वीस वर्षं काम करतोस आणि माप वाचता येत नाही तुला? हे कपाट मोठं झालंय!"

सुतारानं त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग खिशातून पट्टी काढून उलगडली, कपाटाच्या रुंदीला लावली आणि बोट ठेवलं. "चौदाशे दोन," तो म्हणाला. बहिऱ्या माणसाचा असतो तसा त्याचा आवाज मोठा आणि सपाट होता. "बराबर हाय. चिठ्ठीत चौदाशे दोन हाय." त्यानं मुंडाशाच्या घडीतून चिठ्ठी काढली.

अण्णा म्हणाले, "मग तुझी पट्टी झिजली असेल."

चिठ्ठी मी घेतली. अण्णांचं अक्षर. रेघ ओढल्यासारख्या सरळ तीन ओळी. चार फूट सहा इंच, १४०२. सहा फूट नऊ इंच, २१०३. एक फूट तीन इंच, ३९६.

मी मनात मांडलं. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, वर सहा, चोपन्न. चोपन्न गुणिले पंचवीस दशांश चार. तेराशे एकाहत्तर आणि वर थोडे, म्हणजे तेराशे बहात्तर धरायचे. चौदाशे दोन कुठून आले? आणि मग ते कुठून आले ते मला दिसलं. फुटाचे मिलिमीटर तीनशे चार दशांश आठ. त्याला कुणीतरी चार दशांश सहानं गुणलं होतं. दुसऱ्या ओळीत सहा दशांश नऊनं. तिसऱ्या ओळीत एक दशांश तीननं.

तिन्ही ओळींत तेच.

घाईत एखादा आकडा चुकणं वेगळं. ही चूक अण्णांकडून होणं म्हणजे त्यांनी माझं नाव विसरण्यासारखं होतं. जागा तेराशे सत्त्याण्णवची आणि कपाट चौदाशे दोनचं. पाच मिलिमीटर. आपल्या मापात जेमतेम दीड सूत. पण त्या दीड सुतात मला सगळं दिसलं, दोनदोनदा केलेल्या संध्येसकट.

"आण इकडे," अण्णांनी हात पुढे केला. "बघू काय वाचलं यानं."

सगळे पाहत होते. त्यांतल्या निम्म्यांनी अण्णांच्या हातून हीच शिक्षा भोगली होती. मी चिठ्ठी मुठीत मिटली आणि म्हणाले, "अण्णा, यांची चूक नाही. चिठ्ठी मी लिहिली होती. तुमचा कागद भिजला म्हणून मी पुन्हा मांडून दिली. मी चार दशांश सहा धरलं."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले.

"तू?"

"हो."

"बारा इंचांचा फूट असतो का दहाचा?" हे त्यांनी मोठ्यानं विचारलं नाही. अगदी हळू विचारलं.

"बाराचा."

"मग?"

मी खाली पाहिलं. कोणीतरी हसलं. "मास्तरांच्या घरातच दिव्याखाली अंधार," एक जण म्हणाला, चेष्टेनं, वाईट मनानं नाही. सुतार एकदा माझ्याकडे, एकदा अण्णांकडे पाहत होता. काय बोलणं झालं ते त्याला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. मी त्याला खुणेनं सांगितलं, कपाट आमच्या घरी घेऊन चला, तिथे कमी करू.

अंगणात लाकूड टेकवायचे दोन घोडे मांडून त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट खोललं. सरसानं बसवलेले सांधे ऊन पाण्याचं फडकं लावून, हलक्या हातानं ठोकून तो सोडवत होता. महिनाभर जुळवलेलं एकेक अंग वेगळं होऊन भिंतीला उभं राहत होतं. त्याचा चेहरा मला बघवत नव्हता. मी शाळेत रजा सांगून घरीच थांबले होते. आतल्या ओसरीवर अण्णा बसले होते. कालपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. रागानं नाही. जेवताना एकदाच म्हणाले होते, "मला वाटलं होतं, तुला तरी नीट आलं." तेवढं एक वाक्य. मी भाकरी तशीच ठेवून उठले होते.

सुतारानं खूण करून माप मागितलं. मी नवी चिठ्ठी लिहिली. रुंदी १३७२, उंची २०५७, खोली ३८१. त्यानं ती घेतली, काल मी मुठीत मिटलेली जुनीही मागून घेतली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या आणि बराच वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली.

त्याला मला एकटीला सांगायचं होतं. तो माझ्याजवळ वाकला, तोंडाशी हात धरला. पण स्वतःचा आवाज केवढा आहे हे त्याला कधीच कळायचं नाही.

"ताई, हा तुमचा हात न्हाई. ईस वर्सं मी मास्तरांचा चारचा आकडा वाचून राह्यलो. चिठ्ठी त्यायचीच हाय. तुम्ही काल कायला अंगावर घेतलं ते समजलं मला. मास्तर चुकले ना?"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेले. तोवर ओसरीवरून अण्णा उठले होते.

ते अंगणात आले. त्यांनी सुताराच्या हातातला जुना कागद घेतला. चष्मा लावून वाचला. मग आत गेले आणि पाटी घेऊन पायरीवर बसले. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी लिहिलं, ४.६. त्याखाली ३०४.८. गुणाकार चालू केला. उत्तर आलं चौदाशे दोन दशांश शून्य आठ.

"बरोबर आहे की," ते म्हणाले.



त्यांनी पुसलं. पुन्हा मांडलं. पुन्हा ४.६. गुणाकार बिनचूक होता, एक हातचा चुकला नाही. पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांचा हात थांबला. ओठ हलायला लागले. "बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस, बारा चोक अठ्ठेचाळीस..." मग एकेक बोट मिटत ते चोपन्नपर्यंत आले. चोपन्न त्यांनी पाटीवर लिहिले आणि ते त्या आकड्याकडे पाहत राहिले.

"मी दहाचा धरला," ते म्हणाले.

"होतं असं, अण्णा. घाईत होतं."

"घाई नव्हती गं मला." मग पाटीकडे बोट करून म्हणाले, "आत्ताही नव्हती. दोनदा धरला."

सुतार रंधा हातात घेऊन उभा होता. अण्णा उठले, पाटी पुसली, तिच्यावर मोठ्या अक्षरात 'चूक माझी' असं लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली. त्या माणसानं रंधा खाली ठेवला आणि वाकून अण्णांच्या पायाला हात लावला. "असं लिहू नगा, मास्तर," तो म्हणाला, त्याच मोठ्या आवाजात. "लाकूड कापता येतंय. दोन दिसाचं काम हाय. बिलकुल बसतंय कपाट."

अण्णा माझ्याकडे वळले. "तू खोटं का बोललीस?"

मी पाटी त्यांच्या हातून घेतली.

"काल सगळ्यांसमोर तुला हसले. मीही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "टोपी आण माझी. त्यांना सांगून येतो. माझ्या तोंडानं सांगितलं पाहिजे."

"राहू द्या ना, अण्णा."

"राहू द्या कसं? मी याला सगळ्यांसमोर बोललो. तुला सगळ्यांसमोर बोललो. टोपी आण."

मी टोपी आणली. त्यांच्याबरोबर निघाले. सकाळची दहाची वेळ असेल. बाजारपेठेत गाड्या लागलेल्या, सरकीची पोती उतरत होती. अण्णा ताठ चालत होते. वाटेत दोनदा म्हणाले, "माझ्या तोंडानं सांगणार." मी हो म्हटलं. मशिदीच्या कोपऱ्यावर त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला, अत्तरवाला. "आदाब, मास्तरसाब, तबियत कैसी है?" अण्णा थांबले, त्याच्या वडिलांची चौकशी केली, त्याच्या भावाची केली. दोन मिनिटांचं बोलणं. मग आम्ही पुढे गेलो.

वाचनालयात कालचेच तिघे बसले होते. अण्णांना पाहून उठले, बैठकीवर जागा केली. अण्णा दारातच उभे राहिले. त्यांनी खोलीकडे पाहिलं, रिकाम्या दाराच्या जागेकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "कपाट आलं का हो अंबडहून?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"महिना झाला चिठ्ठी पाठवून," अण्णा म्हणाले. "उशीर करत नाही तो कधी."

ते तिघे माझ्याकडे पाहत होते. मला तेव्हा बोलता आलं असतं. अण्णा इतक्या लांबून चालत जे सांगायला आले होते ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं: चिठ्ठी त्यांची होती, आणि ते कबूल करायला आले आहेत. ते त्यांचंच बोलणं झालं असतं, फक्त माझ्या तोंडून. पण ते सांगितलं असतं तर दारात उभ्या असलेल्या या माणसाला आपण काय विसरलो तेही सगळ्यांसमोर कळलं असतं. मी म्हणाले, "कपाट घरी आहे, अण्णा. थोडं कमी करायचं होतं. परवा बसेल, एवढंच सांगायला आलो आपण."

"हां, हां," अण्णा म्हणाले. "परवा बसेल."

परत येताना ते थकले. माझा हात धरून चालले. घर येईपर्यंत त्यांना सकाळचं काहीच आठवत नव्हतं, आणि अंगणात कपाट खोललेलं पाहून त्यांनी मला विचारलं, "हे कुणाचं गं?"

कपाट दोन दिवसांनी बसलं. दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच मोकळा, वर एक इंच. पुस्तकं लागली. मंडळींनी अण्णांना नारळ दिला आणि त्यांनी तो आनंदानं घेतला. सुतार जाताना मला म्हणाला, "आता चिठ्ठी तुमीच लिहीत जा, ताई. मास्तरांस्नी इचारू नगा." त्यानंतर अण्णा असेपर्यंत तो दर दोनतीन महिन्यांनी अंबडहून यायचा. त्यांच्या शेजारी बसायचा. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला समोर कोण बसलंय ते आठवत नव्हतं, तरी दोघं दुपारभर बसून राहायचे.

अण्णा आणखी दोन वर्षं जगले. शेवटच्या पावसाळ्यात ते मला माझ्या आईच्या नावानं हाक मारायचे, आणि पुढे तीही थांबली. मुलींच्या शाळेत वरच्या वर्गाचं गणित मला कधी मिळालं नाही. त्या कपाटाची गोष्ट मोठ्या बाईंच्या कानावर गेली होती. मी ती खोडून काढली नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वाईट वाटतं ते दुसऱ्याचं. माझ्या अण्णांनी शुद्धीवर असताना शेवटची एकच इच्छा बोलून दाखवली: माझ्या तोंडानं खरं सांगणार. ते सांगायला ते टोपी घालून, ताठ चालत गेले. आयुष्यभर ज्या माणसानं खोट्या उत्तराखाली बरोबरची खूण केली नाही, त्याचं शेवटचं खरं बोलणं वाचनालयाच्या दारापर्यंत आलं होतं, आणि मी मायेपोटी त्याला वाट दिली नाही. मी त्यांना वाचवलं असं मला तेव्हा वाटलं होतं. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाएवढं झालंय, आणि मला वाटतं, त्यांनी मला तसं वाचवलं नसतं. त्यांनी मला सांगू दिलं असतं.